एका कानाला अचानक दडा बसला, किंवा कानातला आवाज थांबेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर आवाजबंद खोलीच्या काचेबाहेर बसून लोकांचं ऐकणं मोजते. ही पानभर उत्तरं लिहायला बसले त्यामागे एकच तक्रार आहे. ज्यांना चौथ्या दिवशी यायला हवं होतं, ते चौथ्या आठवड्यात येतात आणि प्रत्येक जण म्हणतो, "वाटलं, दडा बसलाय, सुटेल."

सकाळी उठल्यापासून एका कानाला दडा बसलाय. सर्दीही आहे. किती दिवस वाट पाहू?

एका कानाने खरोखर कमी ऐकू येत असेल तर वाट पाहू नका. आज किंवा उद्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आता कारण सांगते. "दडा" हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो. पहिल्या प्रकारात आवाज आत जायच्या वाटेवर काहीतरी आडवं येतं. मळ फुगलेला असतो, किंवा सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साचलेलं असतं. यात आतला कान ठणठणीत असतो, अडथळा हटला की ऐकू येतं. दुसऱ्या प्रकारात वाट मोकळी असते, पण आतल्या कानानेच काम थांबवलेलं असतं. पंचाईत अशी की दोन्हींत जाणवतं ते सारखंच: कान भरल्यासारखा, दाबल्यासारखा, कापूस घातल्यासारखा. आतला कान बंद पडला तर दुखत नाही, पू येत नाही, बाहेरून काही दिसत नाही. सर्दी झालेली असली की माणूस सगळा दोष सर्दीला देऊन मोकळा होतो.

सर्दी असणं म्हणजे दडा सर्दीचाच, असं नाही. तो सर्दीचा आहे की नाही हे दाखवायला दहा मिनिटांची तपासणी पुरते.

"अचानक बहिरेपणा" नेमका कशाला म्हणतात?

तीन दिवसांच्या आत, म्हणजे ७२ तासांत, एकमेकांना लागून असलेल्या किमान तीन स्वरपट्ट्यांवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकणं कमी झालं, आणि दोष आतल्या कानाचा किंवा श्रवणाच्या नसेचा असला, तर त्याला वैद्यकीय भाषेत अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. जवळजवळ नेहमी तो एकाच कानाला होतो.

३० डेसिबल म्हणजे केवढं? शांत खोलीतली कुजबुज साधारण तेवढ्या पातळीची असते. तेवढं गेलं की समोरासमोरचं बोलणं कळतं, पण त्या बाजूने कुणी हळू बोललं तर निसटतं. म्हणजे "बहिरेपणा" हा शब्द ऐकून जे ठार बहिरेपण डोळ्यांसमोर येतं, तसं असायलाच हवं असं नाही. दुसरा कान चांगला असतो, तो बरंचसं काम सांभाळून घेतो. म्हणूनच अनेकांना हे पहिल्यांदा कळतं ते फोन त्या कानाला लावल्यावर.

आकडा डॉक्टरांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. २० डेसिबल गेले की ४०, हे घरी कुणालाच सांगता येत नाही.

घरच्या घरी काही अंदाज घेता येतो का?

येतो. फक्त तो अंदाजच समजा.

आधी एक गंमत करून पाहा. दोन्ही कान चांगले असताना एका कानात बोट घाला आणि तोंड मिटून "हं..." असा एक सूर धरा. सूर बंद केलेल्या कानाकडे सरकल्यासारखा वाटेल. वाट अडली की स्वतःचा आवाज त्याच बाजूला घुमतो.

आता दडा बसलेला असताना, बोट न घालता, तसाच सूर धरा. सूर दडा बसलेल्या कानात मोठा वाटला तर मळ, पाणी किंवा तत्सम अडथळ्याची शक्यता जास्त. तो उलट चांगल्या कानाकडे गेला तर आतल्या कानाचा दोष असू शकतो, आणि मग त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. डॉक्टर हीच गोष्ट ट्यूनिंग फोर्कने जास्त नेमकी करतात. ५१२ कंपनांचा तो धातूचा चिमटा वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवतात आणि विचारतात, "आवाज कुठल्या कानात येतोय?"

दुसरा अंदाज फोनचा. एकच बोलणं आधी एका कानाने ऐका, मग दुसऱ्याने. नुसता आवाज लहान झालाय, की शब्द फाटल्यासारखे, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटतायत? काहींना एकच सूर दोन कानांत वेगवेगळ्या पट्टीत ऐकू येतो. अशी विकृती आतल्या कानाकडे बोट दाखवते.

सूर दडा बसलेल्या कानात आला म्हणून निश्चिंत होऊन घरी बसू नका. चाचणी ढोबळ आहे आणि घाबरलेल्या माणसाला सूर नक्की कुठे येतोय ते ठरवता येत नाही, हे मी रोज पाहते.

मला ऐकू नीट येतंय. फक्त एका कानात सतत शिट्टी वाजते. तरीही घाई करायची का?

आवाज नव्याने सुरू झालेला आणि एकाच कानात असेल, तर होय, काही दिवसांतच ऐकण्याची चाचणी करून घ्या.

कानातल्या या आवाजाला कर्णनाद म्हणतात. कुणाला शिट्टी, कुणाला रातकिडे, कुणाला यंत्राची घरघर. तो कुठून येतो याचं सोपं उत्तर असं: आतल्या कानाकडून मेंदूला येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपल्या बाजूचा आवाज वाढवतो. रेडिओचं स्टेशन क्षीण झालं म्हणून बटण पिळावं आणि खरखर मोठी व्हावी, तसंच काहीसं. म्हणून कर्णनाद हा बऱ्याचदा ऐकणं कमी झाल्याची पहिली खूण असतो, भले ते कमी झालेलं कळलेलं नसो. वरच्या पट्ट्या, म्हणजे ४००० कंपनांच्या पुढच्या, गेल्या तर बोलणं जवळपास पहिल्यासारखंच कळतं. "ऐकू नीट येतंय" म्हणत आलेल्या माणसाच्या ऐकण्याच्या आलेखात उजवीकडे, वरच्या पट्ट्यांच्या जागी, दरी पडलेली दिसते, ती अशी.

दोन्ही कानांत, वर्षानुवर्षं, शांततेत जाणवणारी बारीक गुणगुण ही वेगळी गोष्ट. तीही तपासावी, पण तिला दिवसांची मुदत नाही. मोठ्या आवाजानंतर, स्फोट, भोंगे, ध्वनिक्षेपकाच्या भिंती यांच्यानंतर, सुरू झालेली शिट्टी बरेचदा एक-दोन दिवसांत विरते. दोन दिवसांनंतरही ती टिकली किंवा ऐकायला कमी येऊ लागलं, तर थांबू नका.

आणि एक तिसरा प्रकार: आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धक-धक येतो. मनगटावर बोट ठेवून ताळा जुळतो का ते पाहा. जुळला तर डॉक्टरांना नेमकं तेच सांगा. त्याचा तपास रक्तवाहिन्यांच्या अंगाने होतो, वाट वेगळी आहे.

दिवसांची एवढी घाई कशासाठी? आत नक्की काय बिघडतं?

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला एक अवयव असतो, कॉक्लिया. त्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, त्या हालचालीचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. शिवाय त्यांना रक्त पोचवणारी धमनी एकुलती एक. हाताला जशा पर्यायी वाटा असतात, तशा तिथे नाहीत.

अचानक बहिरेपणाच्या दहापैकी साधारण नऊ जणांत नेमकं कारण सापडत नाही. विषाणूमुळे सूज, त्या एकुलत्या धमनीत रक्त अडणं, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच आतल्या कानावर उलटणं, असे संशयित आहेत. पेशी काही काळ आजारी असते, मग मरते. आजारी पेशीला सूज उतरवणाऱ्या औषधाचा उपयोग होऊ शकतो, मेलेलीला नाही. घाईचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. बऱ्याच जणांचं ऐकणं काही ना काही प्रमाणात आपोआप परत येतं. निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश दिसतं. सूज उतरवणारं ते औषध म्हणजे स्टेरॉइड, आणि त्याने फायदा होतो याचे पुरावेही पोलादी नाहीत. मग घाई का? कारण आपोआप सुधारणाऱ्यांत तुम्ही आहात की नाही, हे पहिल्या आठवड्यात कुणालाच सांगता येत नाही, आणि जे एकमेव औषध सर्वत्र दिलं जातं ते दोन आठवड्यांच्या आत सुरू करायचं असतं. जितकं लवकर, तितकी आशा जास्त. वाट पाहून निकाल कळेपर्यंत मुदत संपलेली असते. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार, तीन दिवसांच्या आत ऐकणं गेलं असेल आणि ते गेल्या ३० दिवसांत घडलं असेल, तर रुग्णाला २४ तासांत तज्ज्ञाने पाहायचं असतं.

आमच्या डॉक्टरांनी मळ काढला, अँटिबायोटिक आणि नाकातले थेंब दिले. आठवड्याने बोलावलंय. ठीक आहे ना?

मळ काढल्याबरोबर ऐकू यायला लागलं असेल तर प्रश्न मिटला. मळ काढूनही तस्साच दडा असेल तर मात्र आठवडा थांबू नका, कारण अडथळा तो नव्हताच.

मळ सापडला की सगळ्यांनाच हायसं वाटतं, डॉक्टरांनाही. पण मळ पुष्कळांच्या कानात असतो. तो कान पूर्ण बुजवत नसेल तर ऐकण्यात फारसा फरक पडत नाही. तसंच पडदा स्वच्छ, मोत्यासारखा दिसला की "कान छान आहे" असं ऐकायला मिळतं. इथे उलटा विचार करायचा: पडदा छान आहे, मळ नाही, पाणी नाही, आणि तरी ऐकू येत नाही, म्हणजे दोष आणखी आत आहे. निरोगी दिसणारा कान हीच इथे धोक्याची खूण.

डॉक्टरांना सरळ विचारा, "ट्यूनिंग फोर्कने बघता का? हे वाटेतलं आहे की आतलं?" या प्रश्नाचा कुणाला राग येऊ नये. कानात तेल, लसूण, मेणबत्त्या यांतलं काही घालू नका. आतल्या कानापर्यंत ते पोचत नाही, आणि मला चाचणीआधी ते साफ करायला पाठवावं लागतं.

तपासणीच्या दिवशी काय होतं?

डॉक्टर कान बघतात, ट्यूनिंग फोर्क लावतात, चेहऱ्याच्या हालचाली, डोळ्यांची थरथर आणि तोल पाहतात. मग ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं. बारीक "टूं" ऐकू आलं, अगदी असल्यासारखं वाटलं, तरी बटण दाबायचं. प्रत्येक पट्टीवर तुम्हाला जेमतेम ऐकू येणारी पातळी मी कागदावर मांडते. नंतर कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक ठेवून तेच पुन्हा. हाडातून चांगलं आणि हवेतून कमी ऐकू आलं तर अडथळा वाटेत. दोन्हीकडून सारखंच कमी, तर दोष आतला.

मध्येच चांगल्या कानात "श्श्श" असा खरखराट सोडतात, तेव्हा लोक चिडतात. तो कशाला, हे जरा सविस्तर सांगते, कारण चूक इथेच होते. बिघडलेल्या कानात मी ६० डेसिबलचा सूर सोडला तर तो कवटीतून ओलांडून चांगल्या कानाला ऐकू जातो. रुग्ण बटण दाबतो, अगदी प्रामाणिकपणे, कारण त्याला ऐकू आलेलंच असतं. फक्त दुसऱ्या कानाने. खरखराट सोडून चांगला कान गुंतवून ठेवणं म्हणजे मास्किंग. ते केलं नाही, तर पूर्ण बंद पडलेला कान कागदावर मध्यम बिघाडाचा दिसतो. म्हणून आलेख हातात आला की "मास्किंग केलंय ना?" एवढं विचारा.

मग शब्द ऐकवतात आणि तुम्ही ते परत म्हणायचे. शंभरातले किती बरोबर आले ते टक्क्यांत लिहितात. सगळं मिळून पाऊण तास धरा.

एखादं उदाहरण सांगाल?

सांगते. एका व्यक्तीची ही गोष्ट नाही, नेहमी दिसणाऱ्या वाटेवरून रचलेलं उदाहरण आहे.

४६ वर्षांची शिक्षिका, वजन ६० किलो. सोमवारी सकाळी उठली तर डावा कान भरलेला आणि त्यात कुकरची वाफ सुटावी तसा आवाज. थोडी सर्दी होतीच. मंगळवारी वर्गात डावीकडच्या बाकांवरून कोण बोललं ते कळेना, आवाज कुठून आला हेही कळेना. बुधवारी डॉक्टरांनी थोडा मळ काढला, थेंब दिले. गुरुवारी फरक नाही. तिने फोन डाव्या कानाला लावून पाहिला, समोरचा बोलतोय एवढंच कळलं, काय बोलतोय ते नाही. शुक्रवारी, पाचव्या दिवशी, ती तपासणीला आली.

पडदा स्वच्छ. कपाळावरचा ट्यूनिंग फोर्क उजवीकडे ऐकू आला, म्हणजे चांगल्या कानात. उजव्या कानाची पातळी १५ डेसिबलच्या आसपास, उत्तम. डाव्या कानाला ५०० कंपनांवर ५५ डेसिबल, १००० वर ६०, २००० वर ६५, ४००० वर ६०. सरासरी ६०. हाडातूनही तेवढंच कमी. शंभर शब्दांतले ३६ बरोबर. चक्कर नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू, कारण ज्यांना सुरुवातीलाच जोराची चक्कर येते त्यांचं ऐकणं परत येण्याची शक्यता कमी असते.

रक्तातली साखर आणि रक्तदाब पाहून त्याच दिवशी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, किलोला १ मिलिग्रॅम या हिशेबाने दिवसाला ६०. जास्तीत जास्त एवढंच देतात. दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी: ३०, ४०, ५०, ६०, सरासरी ४५, शब्द ६४ टक्के. खालच्या पट्ट्या सुधारल्या, वरची हलली नाही. मग आठवड्याला एक अशी पडद्याआडची तीन इंजेक्शनं. शेवटी २५, ३०, ४०, ५५, म्हणजे सरासरी ३७.५, आणि शब्द ८० टक्के. एमआरआय निर्दोष. वाफेचा आवाज राहिला, पण दिवसा कामात असताना तिला आठवण होत नाही.

यातलं किती औषधाने झालं आणि किती आपोआप? सांगता येत नाही. पण आलेख नीट पाहा: ६० वरून ३७.५ हा फरक म्हणजे फोनवर शब्द कळणं आणि न कळणं यातला फरक.

स्टेरॉइडची भीती वाटते. मधुमेह आहे, तर घेऊ नये का?

दहा-पंधरा दिवसांच्या कोर्सचे परिणाम वर्षभर घेणाऱ्यांसारखे नसतात. झोप उडते, चिडचिड होते, भूक खवळते, पोटात जळजळते. गोळी सकाळी, खाल्ल्यावर घ्या. मधुमेहात साखर चांगलीच उसळते, म्हणून रोज मोजावी लागते आणि त्या दिवसांपुरती मधुमेहाची औषधं वाढवावी लागू शकतात. काचबिंदू, क्षयरोग, पोटातला व्रण, मानसिक आजाराचा पूर्वेतिहास, गर्भारपण, यांतलं काहीही असेल तर न विचारताही सांगा.

स्वतःहून दुकानातून आणून घेऊ नका, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच तोडू नका. शेवटचे काही दिवस डोस उतरवत आणायचा असतो.

पोटातून स्टेरॉइड घेणं धोक्याचं असेल तर ते थेट कानात देता येतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत २५० रुग्णांपैकी काहींना गोळ्या आणि काहींना कानात इंजेक्शन दिलं गेलं. इंजेक्शन गोळ्यांपेक्षा कमी पडलं नाही.

कानात इंजेक्शन? पडद्यातून?

हो, आणि नाव ऐकून जितकं भयंकर वाटतं तितकं नसतं. पडद्याचा एक ठिपका बधिर करतात, बारीक सुईने मधल्या कानात औषध सोडतात. क्षणभर जळजळ, थोडी चक्कर. मग तो कान वर करून पंधरा ते तीस मिनिटं आडवं पडायचं, शक्यतो बोलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही, कारण गिळलं की औषध नळीतून घशात उतरतं. तेवढा वेळ आवंढा न गिळणं हीच खरी परीक्षा, असं लोक नंतर हसत सांगतात. भोक बहुतेकदा आपोआप बुजतं, क्वचित राहतं.

पहिल्या उपचाराने पुरता फरक पडला नाही तर हे दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान देतात. जास्त दाबाच्या कक्षातला ऑक्सिजन हाही स्टेरॉइडच्या जोडीने वापरतात. रक्ताची गुठळी विरघळवणारी, रक्तवाहिन्या रुंदावणारी आणि विषाणूविरोधी औषधं मात्र सरसकट देऊ नयेत, असं अमेरिकी तज्ज्ञसंघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. मोठी पिशवीभर औषधं मिळाली तर कुठलं कशासाठी, हे विचारा.

ऐकू यायला लागलं. आता एमआरआय कशाला?

कारण थोड्या रुग्णांत, शंभरातल्या मोजक्यांत, श्रवणाच्या नसेवर एक गाठ निघते. ती कर्करोगाची नसते, बहुधा सावकाश वाढते, पण जागा अडचणीची असते. फसवणारी गोष्ट ही की अशी गाठ असतानाही स्टेरॉइडने ऐकणं सुधारू शकतं. म्हणून सुधारलं तरी एमआरआय करायचा. त्याची दिवसांवर घाई नाही, उपचार त्यासाठी थांबवू नयेत. डोक्याचा साधा सीटी स्कॅन ही गाठ नीट दाखवत नाही, त्यामुळे त्याने समाधान मानू नका. एका कानातला कर्णनाद टिकून राहिला तरी, ऐकणं बरं असतानाही, हाच तपास सुचवतात.

कुठल्या लक्षणांत कानाच्या डॉक्टरांकडे न जाता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं?

ऐकणं जाण्याबरोबर चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं, एक वस्तू दोन दिसणं, हातापायात बळ नसणं किंवा बधिरपणा, आधार असूनही उभं राहता न येणं, आजवर कधी नव्हती अशी डोकेदुखी. आतल्या कानाची धमनी मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीचीच फांदी असते, त्यामुळे पक्षाघात कधीकधी कानापासून सुरू होतो. डोक्याला मार लागून ऐकणं गेलं तरी थेट तिथेच.

दोन्ही कान एकाच वेळी गेले, किंवा कानाच्या पाळीवर, आत फोड आले आणि चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, तरी त्याच दिवशी. दुसऱ्या प्रकारात नागीण असते आणि तिथे विषाणूविरोधी औषध खरंच लागतं.

तीन आठवडे होऊन गेले. आता जाण्यात अर्थ आहे का?

आहे. सहा आठवड्यांपर्यंत इंजेक्शनचा मार्ग उरतो, जरी आशा दिवसागणिक कमी होते. त्यापुढे ऐकणं औषधाने परत येणं अवघड, पण एमआरआय व्हायलाच हवा, आणि चांगला कान कसा जपायचा हेही ठरवावं लागतं. उशीर झाला म्हणून ओशाळून घरी राहणारे लोक मी पाहिलेत. त्यात त्यांचे आणखी दोन आठवडे जातात.

ऐकणं परत आलंच नाही तर?

थोडं उरलं असेल तर श्रवणयंत्र. ते बऱ्याच जणांचा कर्णनादही झाकतं, कारण मेंदूला पुन्हा बाहेरचा आवाज मिळतो. कान पूर्ण गेला असेल तर त्या बाजूचा आवाज उचलून चांगल्या कानाकडे पाठवणारी यंत्रं आहेत, काहींना कॉक्लियर इम्प्लांटही लावतात. शेवटचा आलेख सहा महिन्यांच्या आत काढून मग ठरवतात. कर्णनादावर सूर्यफुलाच्या बिया किंवा जाहिरातीतल्या थेंबांनी काही होत नाही. पुरावा आहे तो विचार-वर्तन उपचारांचा, ज्यांत आवाज जात नाही, त्याचा त्रास कमी होतो.

फोनवर अपॉइंटमेंट घेताना काय सांगू? पुढच्या आठवड्याची तारीख देतायत.

"कानाला दडा बसलाय" म्हणू नका. पलीकडचा माणूस ते मळाच्या रांगेत टाकतो, आणि त्याचंही चूक नाही. असं सांगा: "परवा सकाळपासून डाव्या कानाने अचानक कमी ऐकू येतंय. मळ नाही, तपासलाय. कान दुखत नाही. आज किंवा उद्या डॉक्टर आणि ऑडिओमेट्री दोन्ही हवेत." दिवस आणि वेळ कागदावर लिहून ठेवा, कधी सुरू झालं, तेव्हा काय करत होता, चक्कर आली का, कुठली औषधं चालू आहेत. तरीही तारीख लांबचीच मिळाली तर दुसरीकडे फोन लावा किंवा मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात सकाळी सरळ जाऊन बसा.